वळीव आला की कुंडीतलं पिंजर बुंध्यापासून सरकवा

एप्रिलमध्ये बेळगावात सकाळी पाणी घातलेल्या कुंडीची माती संध्याकाळपर्यंत पांढरी पडते. टिळकवाडी असो, शहापूर असो की वडगाव, स्लॅबवरच्या कुंडीला वरून ऊन, खालून तापलेला स्लॅब आणि दुपारनंतर सुटणारा वारा असा तिहेरी मार असतो. त्यावर उपाय म्हणून कुंडीत पालापाचोळा, भाताचं पिंजर किंवा नारळाचा काथ्या पसरायचा, हे आता बहुतेकांना माहीत झालंय. पुढचं मात्र कुणी सांगत नाही. मे महिन्यात दोन-चार वळीव पडले की त्याच पिंजराखालची मिरची, पपई नाहीतर झेंडू भर ओलीत माना टाकतो. घरातलं कुणीतरी म्हणतं, "पाणी कमी पडलं वाटतं," आणि वर आणखी एक तांब्या ओततं. मग ते झाड काही वाचत नाही.

मातीला ओल हवी असते आणि बुंध्याला हवा. दोघं एकाच कुंडीत, जेमतेम बोटभर अंतरावर असतात, म्हणून गोंधळ होतो. ही दोन कामं वेगळी ठेवता आली की आच्छादन जमलं. त्यासाठी आधी ओल जाते कुठून ते बघू.

कुंडीतलं पाणी तीन वाटांनी बाहेर पडतं. एक, मातीच्या पृष्ठभागावरून वाफ होऊन. दोन, झाडाच्या पानांतून. तीन, कुंडी मातीची असेल तर तिच्या अंगातून. आच्छादन फक्त पहिली वाट अडवतं. दिव्यात वातीतून तेल वर चढतं तसं खालचं पाणी मातीच्या बारीक फटींतून वर चढत राहतं आणि ऊन-वारा ते उडवतो. मातीवर कोरडा, भुसभुशीत थर असला की वर चढण्याची ती साखळी तिथेच तुटते, ऊन थेट मातीवर पडत नाही आणि वाराही मातीला लागत नाही. अथणीकडच्या कोरडवाहू ज्वारीत ‘एक कोळपणी म्हणजे अर्धं पाणी’ म्हणतात, ते याच कारणाने. कोळपल्यावर वरची दोन बोटं माती सुटी होते आणि तीच आच्छादनाचं काम करते.

म्हणूनच आच्छादनाकडून भलती अपेक्षा करू नये. आठ इंची कुंडीत कमरेएवढं वाढलेलं टोमॅटोचं झाड असेल तर पाणी मुख्यतः पानांतून जातं, आणि तिथे वर कितीही पिंजर घाला, रोज पाणी द्यावंच लागतं. साध्या मातीच्या कुंडीचंही तसंच आहे. तिच्या भिंतीतून होणारी वाफ आच्छादनाने थांबत नाही. कुंडी सावलीच्या बाजूला सरकवली किंवा चार-पाच कुंड्या एकमेकींना चिकटवून ठेवल्या तर तिथे जास्त फरक पडतो.

बुंधा नेमका कसा कुजतो

बुंधा म्हणजे माती आणि हवा जिथे भेटतात तिथलं खोड. मुळांना ओलीत राहण्याची सवय असते, खोडाच्या सालीला नसते. पाऊस पडला, साल भिजली, दोन तासांत वाळली, तर काही बिघडत नाही. पण ओलं पिंजर तिला दिवसरात्र चिकटून राहिलं की साल मऊ पडते, आणि एखादा ओरखडा किंवा किड्याने केलेलं भोक असेल तर बुरशीला दार उघडंच मिळतं.

कुजवणाऱ्या बुरश्या बऱ्याच आहेत. आपल्या हवेत उन्हाळ्याच्या शेवटी जी सगळ्यात जास्त त्रास देते तिचं नाव स्क्लेरोशियम रॉल्फ्सी. नाव अवघड असलं तरी ओळखायला सोपी आहे. बुंध्यावर कापसासारखे पांढरे धागे पंख्यासारखे पसरतात आणि थोड्या दिवसांत त्यात मोहरीएवढे गोल दाणे धरतात. दाणे आधी पांढरे असतात, मग तपकिरी होतात. हे दाणे म्हणजे तिची बेगमी. ते मातीत काही वर्षं तसेच पडून राहू शकतात.

हिची वागणूक नीट समजून घेण्यासारखी आहे, कारण आच्छादनाचे सगळे नियम त्यातूनच निघतात. पहिली गोष्ट, तिला हवा लागते, म्हणून ती खोल मातीत नव्हे, अगदी पृष्ठभागाजवळ काम करते. दुसरी, तिला ऊब आवडते. पंचवीस ते पस्तीस अंश तापमानात ती जोरात असते. तिसरी, वाळून कोरडे झालेले तिचे दाणे पुन्हा भिजले की जास्त जोमाने उगवतात, आणि वाळलेला पाला भिजल्यावर त्यातून जे वायू सुटतात तेही त्यांना जागं करतात. चौथी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. उगवल्याबरोबर ती थेट झाडावर चाल करत नाही. आधी आसपासच्या न कुजलेल्या काडीकचऱ्यावर पोसते, बळ धरते, मग एक आम्ल सोडून खोडाची साल मारते आणि आत शिरते.

आता हे बेळगावच्या मे महिन्याशी लावून बघा. महिना-दीड महिना कडक वाळलेली माती, तिच्यावर कोरडं पिंजर, एका संध्याकाळी विजांसकट वळीव, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा ऊन. ऊब आहे, हवा आहे, वाळून भिजलेले दाणे आहेत आणि बुंध्याला टेकवून ठेवलेलं जेवण आपणच वाढून ठेवलंय. जुलैच्या झडीत बुंधा कुजत नाही असं नाही, पण तेव्हाच्या बुरश्या जास्त करून साचलेल्या पाण्यातल्या असतात आणि मुळांपासून सुरुवात करतात. ओली ऊब हे वळवाच्या दिवसांचं खास दुखणं आहे.

बारा इंची कुंडी आणि संकेश्वरी मिरची

हुक्केरी तालुक्यातल्या संकेश्वरची लांब, लाल मिरची आपल्याकडे बरेच जण हौसेने कुंडीत लावतात. तिचंच उदाहरण घेऊ. कुंडी बारा इंची, म्हणजे तोंडाचा व्यास तीस सेंटिमीटर.

पहिलं काम आच्छादनाचं नाही, मातीचं आहे. माती काठोकाठ भरलेली असेल तर आच्छादन घालायला जागाच नसते आणि मग ते खोडावर ढीग करून रचलं जातं. काठापासून निदान अडीच ते तीन इंच मोकळे सोडावेत. रोप लावताना नर्सरीच्या पिशवीत ते जेवढं खोल होतं तेवढंच ठेवावं. सरळ उभं राहावं म्हणून खोडाभोवती वरून माती लोटायची सवय असते, ती मिरचीला बाधते. बुंध्याजवळ माती अर्धा-पाऊण इंच उंच आणि काठाकडे उतरती ठेवली की पाणी आपोआप बाहेरच्या बाजूला जातं. पिंजर घालण्याआधी हा उतार जमला पाहिजे. नंतर तो करता येत नाही.

मग एक तांब्याभर पाणी देऊन माती मुरू द्यावी आणि वर पिंजराचे दोन-तीन इंची तुकडे पसरावेत. थर दीड ते दोन इंचांचा, हाताने दाबायचा नाही. खोडाच्या चहूबाजूंनी तीन बोटं, म्हणजे साडेचार-पाच सेंटिमीटर माती उघडी ठेवायची.

इथे लोक कचरतात. एवढी माती उघडी ठेवली तर ओल तिथूनच उडून जाणार, मग घातलं कशाला, असा प्रश्न येतो. हिशेब करून बघू. उघडं वर्तुळ दहा सेंटिमीटर व्यासाचं आणि कुंडी तीस सेंटिमीटरची. व्यास एक-तृतीयांश, म्हणून क्षेत्रफळ एक-नवमांश. कुंडीच्या तोंडाचं क्षेत्र ७०० चौरस सेंटिमीटर धरलं तर उघडी जागा ८० चौरस सेंटिमीटरच्या आतच राहते. समजा भर उन्हात ओल्या मातीवरून दिवसाला पाच मिलिमीटर पाणी उडतं. पूर्ण उघड्या कुंडीतून ते ३५० मिलिलिटर होईल. मधल्या उघड्या वर्तुळातून फक्त ४० मिलिलिटर, म्हणजे अर्धा कप चहासुद्धा नाही. खोडाला हवा देण्याची किंमत एवढीच. शिवाय उघडी राहिलेली माती वरून वाळली की तीच एक पातळ आच्छादन होते, म्हणजे प्रत्यक्षात नुकसान याहून कमीच.

कुंडी लहान असेल तर हा हिशेब बदलतो. आठ इंची कुंडीत तेवढंच दहा सेंटिमीटरचं वर्तुळ ठेवलं तर पाव भाग उघडा पडतो. तिथे खोडही बारीक असतं, म्हणून दोन बोटांची मोकळीक पुरे. सहा इंचांच्या आतल्या कुंड्यांत मला आच्छादनात फारसा अर्थ वाटत नाही. त्या सावलीत ठेवाव्यात हे बरं.

पाणी देताना झारीचं तोंड बुंध्यावर नको. काठाच्या बाजूने, आच्छादनावरून गोल फिरवत द्यावं. पिंजर ओलं झालं आणि खाली काहीच पोचलं नाही, असं सुरुवातीला होतं. म्हणून बोट खाली घालून बघावं. दुसऱ्या पेरापर्यंत माती ओलसर लागली तर त्या दिवशी पाणी नको. आच्छादन घातल्यावरही जुन्या सवयीने रोज तेवढंच पाणी घालणं, हे बुंधा कुजण्याचं दुसरं मोठं कारण आहे.

आता वळीव आला. पहिल्या जोरदार सरीनंतर दुसऱ्या दिवशी सकाळी एवढंच करायचं. तीन बोटांची मोकळीक वाढवून हाताच्या मुठीएवढी करायची, पावसाने आत लोटून आलेल्या काड्या बाजूला काढायच्या आणि पिंजर एकदा खालवर करून भुसभुशीत करायचं. दर मोठ्या सरीनंतर हे करायला दोन मिनिटं लागतात. मिरग निघाला आणि पाऊस लागून राहिला की तालुक्याप्रमाणे वेगळं धोरण ठेवावं. खानापूर, जांबोटी, कणकुंबीच्या बाजूला झड महिना महिना उघडत नाही. तिथे आच्छादन पूर्ण काढलेलंच बरं. बेळगाव शहरात अर्ध्या इंचाचा विरळ थर ठेवायला हरकत नाही, कारण पावसाचे थेंब मातीवर आपटून चिखल खालच्या पानांवर उडतो आणि त्यातून पानांचे रोग चढतात. रायबाग, अथणीकडे पाऊस थोडा आणि खंडही मोठे, म्हणून तिथे उन्हाळ्यातला थर बराचसा तसाच चालतो. मोकळीक मात्र तिथेही हवीच.

काय वापरायचं

भाताचं पिंजर खानापूरच्या पट्ट्यात भरपूर असतं आणि हलकं, हवेशीर असतं. त्यात राहिलेलं एखादं भात उगवतं, ते उपटून टाकायचं. भिजत राहिलं तर मात्र ते बुळबुळीत होऊन चिकटतं, म्हणून पावसाळ्यात त्याचा भरवसा धरू नये. चिकोडी, निपाणी, रायबागकडे उसाचं पाचट फुकट मिळतं. ते कडक असतं, हळू कुजतं, पावसात बसत नाही, म्हणून मला पिंजराहून ते जास्त पसंत आहे. चार बोटांचे तुकडे करून घालावं. कडा कापतात, तेव्हा हातमोजे घाला.

पालापाचोळ्यात पान कुठलं ते बघावं लागतं. फणस, आंबा, सागवान यांची मोठी पानं अख्खी घातली तर एकावर एक बसतात, पाणी वरच्या वर काठाकडे वाहून जातं आणि खाली हवा कोंडते. ती कडक वाळवून गोणीत घालून पायाने चुरावीत, नखाएवढे तुकडे झाले की वापरावीत. गुलमोहर, चिंचेचा बारीक पाला चुरायची गरज नसते, पण तो दाट बसतो, म्हणून थर एका इंचाहून जाड नको. ओला पाला किंवा नुकतं कापलेलं गवत कधीच नको. ते तापतं आणि तिथेच सडतं.

नारळाच्या बाबतीत बहुतेकांची फसगत होते. काथ्या म्हणजे लांब धागे. त्यांतून पाणी झरझर उतरतं, वरचे धागे लवकर वाळतात, आच्छादनाला ते उत्तम. कोकोपीट म्हणजे त्याच सोडणाचा भुसा. तो वजनाच्या कितीतरी पट पाणी धरतो, म्हणून मातीत मिसळायला चांगला आणि बुंध्याजवळ पसरायला वाईट. वरून तो फिकट आणि कोरडा दिसतो, बोट घातलं की खाली चिंब असतो. बाजारात मिळणाऱ्या गोल काथ्याच्या चकत्यांना मधे भोक असतं, पण ते खोडाला घट्ट बसतं. कात्रीने ते मोठं करूनच चकती घालावी. काथ्यात कधी कधी क्षार असतात, तेव्हा वापरण्याआधी एक रात्र भिजवून दोनदा पाणी बदललेलं बरं.

दोन गोष्टी आपल्या भागात हमखास हाताशी असतात, त्या मात्र टाळाव्यात. एक, भुईमुगाचा पाला आणि शेंगांची टरफलं. भुईमूग हे स्क्लेरोशियमचं आवडतं पीक, रोगट शेतातल्या पाल्यातून, टरफलांतून तिचे दाणे थेट कुंडीत येऊ शकतात. दुसरी, निपाणीकडच्या तंबाखूच्या काड्या आणि चुरा. तंबाखू, मिरची, टोमॅटो, वांगी ही सगळी एकाच कुळातली. तंबाखूचा मोझॅक विषाणू वाळलेल्या काडीतही टिकून राहतो आणि मिरचीला लागतो. "किडी येत नाहीत" म्हणून काही जण तो चुरा घालतात. मिरचीच्या कुंडीत तरी घालू नये.

बिघडतंय हे कसं कळतं

दुपारी मान टाकणं ही पहिली खूण, पण तिच्यावरच थांबू नका. कडक उन्हात निरोगी मिरचीही दुपारी थोडी मलूल दिसते आणि संध्याकाळी सावरते. सकाळी सात वाजता पानं लोंबलेली आहेत आणि माती ओली आहे, असं असेल तर आच्छादन सगळं बाजूला करून बुंधा बघा. नखाने साल अगदी हलकी खरवडा. आत हिरवट, टणक लागलं तर बुंधा शाबूत आहे, दुखणं दुसरीकडे शोधा. तपकिरी, पाणचट, बोटाला मऊ लागलं तर कूज लागली आहे.

पांढरी बुरशी दिसली म्हणून मात्र लगेच घाबरू नये. पिंजराच्या काड्यांवर, कुजक्या पानांवर पांढरं जाळं धरणं किंवा एखादी छोटी अळंबी येणं हे नेहमीचंच आहे. त्या बुरश्या मेलेला कचरा खातात, जिवंत झाडाला हात लावत नाहीत. बघायचं ते एवढंच की जाळं कचऱ्यावर आहे की खोडावर चढलंय. आणखी एक घोळ होतो तो दाण्यांचा. नर्सरीतून आणलेल्या रोपाच्या मातीत हळूहळू विरघळणाऱ्या खताच्या पिवळसर गोळ्या असतात आणि त्यांना बुरशीचे दाणे समजून लोक अख्खी कुंडी रिकामी करतात. खताच्या गोळ्या मोहरीहून मोठ्या असतात आणि चिमटीत दाबल्या की फुटून आतून पाणी किंवा चोथा निघतो. बुरशीचे दाणे बारीक, कडक आणि पांढऱ्या धाग्यांत अडकलेले असतात.

कूज खोडाच्या एका बाजूलाच असेल तर झाड वाचण्याची थोडी आशा असते. आच्छादन पूर्ण काढायचं, बुंध्याभोवतालची माती मुळं दिसू लागेपर्यंत अलगद बाजूला करायची, कुंडी पाऊस न लागणाऱ्या पण वारा लागणाऱ्या जागी न्यायची आणि माती दोन पेरं खोल वाळेपर्यंत पाणी द्यायचं नाही. सगळ्या बाजूंनी साल गेली असेल तर मात्र झाडाचा नाद सोडावा. ट्रायकोडर्माची पावडर इथे आणून ओतली जाते, पण ती रोग लागल्यावरचं औषध नव्हे. ती शेणखतात मिसळून, ओलसर ठेवून आठ-दहा दिवस मुरवून लावणीच्या आधी मातीत घातली तर बुरशीच्या दाण्यांना अटकाव करते. कुजलेल्या बुंध्याला ती जोडत नाही.

मेलेलं झाड, त्यावरचं आच्छादन आणि वरची तीन-चार इंच माती कंपोस्टच्या खड्ड्यात टाकू नये, नाहीतर दाणे खतातून सगळ्या कुंड्यांत फिरतात. उरलेली माती वापरायची असेल तर ती ओली करून, पारदर्शक प्लास्टिकमध्ये पातळ थरात बंद करून एप्रिल-मेच्या उन्हात गच्चीवर चार ते सहा आठवडे ठेवावी. प्लास्टिक काळं नको. पारदर्शकातून ऊन आत शिरतं आणि माती जास्त तापते.

काही झाडांना मात्र हा सगळा खटाटोप नकोच. अडेनियम, कोरफड, निवडुंग यांच्या कुंडीत पाला-पिंजर काहीच घालू नये, हवी तर बारीक खडी पसरावी. कलमी गुलाब आणि आंब्याला आच्छादन चालतं, पण कलमाचा जोड थराच्या वर चार बोटं तरी उघडा दिसला पाहिजे. पपईला मोकळीक तीन बोटांची नको, चांगली वीतभर हवी. तिचा बुंधा मऊ, मांसल असतो, आणि ती कुंडीपेक्षा ड्रममध्येच लावली जाते, त्यामुळे तेवढी जागा सहज मिळते.

जूनमध्ये काढलेलं निरोगी पाचट किंवा काथ्या उन्हात वाळवून गोणीत भरून ठेवला तर दिवाळीनंतर पुन्हा घालता येतो. पिंजर मात्र ठेवण्यात अर्थ नाही. ते खतात टाकावं आणि सुगी झाली की नवं आणावं.